डावा पाय कुठला, उजवा कुठला?

नमस्कार मंडळी. कुत्र्याचं पिल्लू किंवा मांजर घ्यायचंय म्हणून तुम्ही ऑनलाइन बघताय, एक जाहिरात दिसते, चार फोटो, चारही एकदम गोंडस. आता हे पिल्लू खरंच त्या माणसाकडे आहे, का फोटो कुणाचे तरी उचललेत, का एआयने बनवलेत? एकच फोटो कितीही झूम करून बघा, हल्ली त्यातून काही कळत नाही हो, केस न् केस बरोबर असतो. म्हणून मी म्हणतो एक फोटो बघूच नका, चारही शेजारी शेजारी ठेवा आणि अंगावरचे डाग जुळवा.

हे का चालतं तर डागांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. 2001 साली अमेरिकेत टेक्सासमध्ये पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्मलं, सीसी नावाचं. जिच्यापासून ते बनवलं ती तिरंगी मांजर होती, जनुकं तीच, तरी पिल्लाची नक्षी वेगळीच निघाली. मग साध्या भावंडांची हुबेहूब कशी जुळणार?

तर समजा एक तपकिरी-पांढरं पिल्लू आहे. आधी एक गोष्ट पक्की करा, डावं-उजवं म्हणजे पिल्लाचं, तुमचं नाही, समोरून काढलेल्या फोटोत ते उलटं दिसतं आणि तिथेच सगळे घोळ घालतात. कागदावर कुत्र्याचं साधंसं चित्र काढा, कसंही काढा, कोण बघतंय, आणि पहिल्या फोटोतल्या तीन खुणा त्यावर मांडा. कपाळावरचा पांढरा पट्टा डाव्या डोळ्याकडे झुकलाय. पुढचा डावा पाय कोपरापर्यंत पांढरा, उजव्याची फक्त बोटं पांढरी. आणि नाकावर उजव्या नाकपुडीशी गुलाबी ठिपका.

आता दुसरा फोटो. पट्टा उजवीकडे, उजवा पाय कोपरापर्यंत पांढरा, ठिपका डाव्या नाकपुडीशी. तिन्ही खुणा एकदम उलट्या झाल्यात, म्हणजे पिल्लू तेच आहे, फोटो आरशासारखा फिरवलाय. सेल्फी कॅमेऱ्यात हे आपोआप होऊ शकतं, त्यामुळे लगेच चोर म्हणू नका, पण चोरलेला फोटो इमेज सर्चमध्ये सापडू नये म्हणूनही तो मुद्दाम फिरवतात. गळपट्ट्यावर किंवा मागच्या पोत्यावर अक्षरं असतील तर ती उलटी दिसतात का बघा, आणि सर्च करताना फोटो एकदा आहे तसा, एकदा फिरवून टाका.

तिसरा फोटो खरा मजेशीर. पट्टा डावीकडे, पहिल्यासारखाच, ठिपकाही जागेवर, पण लांब पांढरा पाय मात्र उजवा. आता हे फिरवून जुळत नाही, कारण फिरवलं तर पट्टा चुकतो आणि नाही फिरवलं तर पाय चुकतो. म्हणजे दोन वेगळी पिल्लं तरी आहेत, नाहीतर फोटो बनवलेला आहे. एआय साधारण "तपकिरी-पांढरं पिल्लू" एवढं सांभाळतं, कुठला पाय कितपत पांढरा हे मात्र फोटोगणिक सरकू शकतं. अर्थात प्रामाणिक माणसाकडूनही भावंडांचे फोटो मिसळतात, तेव्हा सरळ विचारा, तो बहुतेक सांगेल की अहो तो दुसरा आहे.

काही फरक मात्र खरे असतात, त्यावरून वाद घालू नका. मांजराच्या पिल्लांचे डोळे आधी निळे असतात, नंतर रंग बदलतो. डाल्मेशियन तर जन्मतो पांढरा, ठिपके पुढे काही आठवड्यांत उमटतात. कुत्र्याच्या पिल्लाचं गुलाबी नाकही काळं होत जातं, म्हणून फोटो वेगवेगळ्या वयाचे असतील तर नाकाच्या ठिपक्यावर फार विसंबू नका. पिवळ्या दिव्यात पांढरं अंग क्रीम दिसतं ते वेगळंच.

पूर्ण काळा लॅब्राडोर किंवा पूर्ण पांढरी मांजर असेल तर ही युक्ती जवळपास निकामी, जुळवायला खुणाच नाहीत. आणि एखाद्याच्या अकाउंटवरून एकाच कुत्र्याचे दहा फोटो उचलले असतील तर ते सगळे अगदी नीट जुळणार, कारण कुत्रा खराच आहे, फक्त विकणाऱ्याचा नाही. अशा वेळी तुम्ही सांगाल ती पोझ मागा, मागचा डावा पंजा उचलून तळवा दाखवा म्हणावं, गाद्या काळ्या आहेत का गुलाबी ते दिसू दे. आजच्या तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवून काढलेला फोटो मी धरत नाही, ती चिठ्ठी एडिट करून टाकता येते. व्हिडिओ कॉल सगळ्यात बरा, त्यात पिल्लाला एका जागी गोल फिरवायला सांगा आणि तुमचा तो कागद समोर ठेवून खुणा एकेक करून बघा, पैशाचं बोलणं त्यानंतर.