पंच पडला नाही? मग पंचच्या आधीचं ऐका

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पंचवीस वेळा आलाय: "ताई, विनोद ओपन माइकला केला, कोणी हसलं नाही, आता काय बदलू?" तर आज तेच.

आधीचं झटपट उरकते. ओपन माइकला नाव नोंदवायचं, चार-पाच मिनिटं मिळतात. नवीन विनोद मधे ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जुने, खात्रीचे विनोद. खात्रीचा विनोदही फसला तर त्या दिवशी हॉलच थंड आहे, त्यावरून नव्याचा निकाल लावू नका. आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून तो टेबलावर प्रेक्षकांच्या बाजूला ठेवायचा. आपला आवाज कमी आला तरी चालेल, त्यांचा यायला हवा. झालं.

आता खरी गोष्ट. बहुतेक जण घरी येतात आणि शेवटचं वाक्य, म्हणजे पंच, बदलायला बसतात. एका दर्शकानं तर मला एकाच विनोदाचे सात शेवट पाठवलेत. दादा, सातही वाचले. सातही शेवट बरे आहेत, गडबड तुमच्या दुसऱ्या वाक्यात आहे. "मामा" म्हणजे आईचा भाऊ की ट्रॅफिक पोलीस, हेच तिथे कळत नाही.

माझाच एक विनोद घेऊन दाखवते. पहिल्यांदा केला तो असा:

"आमच्या सोसायटीची लिफ्ट दर आठवड्याला बंद पडते. मेंटेनन्स मात्र महिन्याला साडेतीन हजार. मागच्या मंगळवारी मी अडकले. आत पाटी आहे, 'लिफ्ट बंद पडल्यास घाबरू नये, वॉचमनला हाक मारावी.' मी हाक मारली, तर वॉचमनकाका माझ्या शेजारीच उभे होते, कारण तेही लिफ्टमध्येच अडकले होते."

कॅफेच्या तळघरात अठरा जण. त्यातले निम्मे स्वतःच्या नंबरची वाट बघणारे कॉमेडियन, त्यांचं अर्धं लक्ष आपापल्या वहीत. स्टेजवरून मला वाटलं, कोणीच हसलं नाही. रात्री हेडफोन लावून ऐकलं तर वेगळंच निघालं. "शेजारीच" या शब्दावर दोन-तीन जण हसायला लागलेत, आणि मी पुढे बोलतेय म्हणून गप्प झालेत. हसू आलं होतं हो, मीच त्यावर "उभे होते, कारण तेही" ओतलं!

हे आपल्या भाषेत सारखं होतं. मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद बसतं. गमतीचा शब्द आधी येऊन जातो आणि मागून "होता", "म्हणाला", "असं झालं" ही शेपटी वळवळत राहते. प्रेक्षक सभ्य असतो, तुमचं वाक्य संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात हसू विरतं. त्याला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गंमत कोणाच्या तरी तोंडी द्यायची. मी केलं: "मी हाक मारली, 'वॉचमनकाका!' शेजारून आवाज आला, 'बोला ताई.'" मागे शेपूट नाही.

दुसऱ्या ठिकाणी हे केलं. हशा आला, पण उशिरा. दीड-दोन सेकंद शांतता, मग हसू. आणि पहिल्या रांगेतली एक बाई मैत्रिणीकडे वळून काहीतरी विचारत होती. हे वळणं बघायला शिका. कंटाळलेला माणूस फोन काढतो, स्क्रीनचा उजेड चेहऱ्यावर दिसतो. न कळलेला माणूस शेजाऱ्याकडे बघतो. दोघांचा इलाज वेगळा आहे. फोन निघाला तर कापा. मान वळली तर आधी काहीतरी सांगायचं राहिलंय.

काय राहिलं होतं? मी "अडकले" म्हटलं होतं, म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मी लिफ्टमध्ये एकटी. मग "शेजारून आवाज आला" म्हटल्यावर त्याला वाटतं, शेजारच्या फ्लॅटमधून आला. ते चित्र पुसून नवं काढण्यात त्याचे दीड सेकंद गेले. परत सांगते, पंचला काही झालं नव्हतं. मग दोन वाक्यं आधी पाच शब्द घातले: "आत मी आणि एक काका." बास.

आणि ते मेंटेनन्सचं वाक्य काढलं. मला फार आवडायचं ते, खरंही आहे. पण पहिल्याच दमात साडेतीन हजार म्हटलं की माणूस पैशाची गंमत येणार म्हणून टपून बसतो, आणि मी त्याला लिफ्टमध्ये नेते. तिथेही पंच बिचारा निर्दोषच.

तिसऱ्या ठिकाणी नवीनच झालं. पाटीतल्या "घाबरू नये" वर हशा आला, जिथे मी धरलाच नव्हता. मी थांबले नाही, त्यामुळे "वॉचमनला हाक मारावी" त्या हशात बुडालं. आणि तेच ऐकू आलं नाही तर पुढचं "वॉचमनकाका!" कोणाला कळणार? मार्क्स बंधू या अमेरिकन विनोदी नटांनी 1935 च्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' या चित्रपटातले प्रसंग शूटिंगआधी रंगमंचावर दौऱ्यात करून पाहिले होते, आणि हशा किती वेळ टिकतो ते मोजलं होतं. पडद्यावरचा नट हशासाठी थांबू शकत नाही, म्हणून ती जागा आधीच सोडावी लागते. आपण तर समोर उभे असतो, आपल्याला थांबता येतं. आता मी "घाबरू नये" नंतर थांबते, हशा उतरायला लागला की उरलेली पाटी वाचते.

एका वेळी एकच बदल करा, हेही सांगायला हवं. शेपूट, काका आणि मेंटेनन्स मी एकदम बदललं असतं तर कशानं फरक पडला ते मला कधीच कळलं नसतं. काका आधी घातले, मेंटेनन्स नंतरच्या खेपेला काढलं.

आणि कृपा करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून "चाळीस जण हसले" असं मला लिहू नका. ते अंगठ्यानं हसलेत. कुठल्या शब्दावर, किती उशिरा, मधेच थांबले का, यातलं काही त्या चिन्हांतून कळत नाही. घरचेही नकोत. माझी आई मी तोंड उघडायच्या आधी हसते, प्रेमानं हसते, पण त्यावरून विनोद दुरुस्त करता येत नाही.

चौथ्या खेपेला हशा वेळेवर आला, आणि तो ओसरत असताना स्टेजवरच मला काकांचं पुढचं वाक्य सुचलं. सध्याचा विनोद असा आहे:

"आमची लिफ्ट दर आठवड्याला बंद पडते. मागच्या मंगळवारी पडली. आत मी आणि एक काका. समोर पाटी, 'लिफ्ट बंद पडल्यास घाबरू नये... वॉचमनला हाक मारावी.' मी हाक मारली, 'वॉचमनकाका!' शेजारून आवाज आला, 'बोला ताई.' म्हटलं, 'लिफ्ट अडकलीये.' म्हणाले, 'थांबा, बघून येतो.'"

या शेवटच्या तुकड्यात "म्हटलं, लिफ्ट अडकलीये" मला अजून खटकतंय. रेकॉर्डिंगमध्ये तिथे हसू किंचित खाली येतं. गुरुवारी ते वाक्य काढून करणार आहे, काका आपणहूनच "थांबा, बघून येतो" म्हणतील. दोन्ही रेकॉर्डिंगचे तुकडे पुढच्या व्हिडिओत लावते, हेडफोन घालून ऐका.