दहा किलो मसालेभात

श्रोतेहो, नमस्कार. वास्तुशांतीला दीडशे पाने उठणार असतील, तर केटररला पाठवायच्या पत्रात प्रत्येक पदार्थ किती हवा, हे कसे लिहावे, याविषयी आज बोलणार आहे.

माझ्या मेव्हण्याच्या वास्तुशांतीचे पत्र मीच लिहिले होते. त्यात ‘मसालेभात 10 किलो’ असे मी मोठ्या ऐटीत लिहिले, पण ते दहा किलो कच्च्या तांदळाचे की शिजलेल्या भाताचे, हे लिहायचे राहून गेले. माझ्या मनात तांदूळ होते, आचाऱ्यांनी शिजलेला भात धरला. एक किलो तांदळाचा साधारण अडीच ते तीन किलो भात होतो, म्हणजे मला अपेक्षित होता त्याच्या निम्म्याहूनही कमी भात पातेल्यात होता. पहिल्या पंगतीला साठ माणसे बसली आणि ती उठता उठता पातेल्याचा तळ दिसू लागला. दुसरी पंगत बसली, लिंबाच्या फोडी आणि ओले खोबरे वाढून झाले, आणि भाताचा वाढपी मात्र रिकामे पातेले घेऊन माझ्याकडे आला. मी आचाऱ्यांवर रागावलो, तेव्हा त्यांनी खिशातून घडी घातलेले पत्र काढून माझेच अक्षर माझ्यापुढे धरले. शेवटी शेजारच्या चार घरांतले कुकर एकाच वेळी लागले, आणि पंगतीला पुऱ्यांवर पुऱ्या वाढून थोपवून धरावे लागले.

म्हणून सांगतो, तांदूळ आणि डाळ नेहमी कच्च्या वजनातच लिहावी. दीडशे माणसांसाठी मी आता असे लिहितो: “मसालेभातासाठी कच्चे तांदूळ 9 किलो, वरणभातासाठी कच्चे तांदूळ 5 किलो आणि तूरडाळ 3 किलो.” बटाट्याच्या भाजीसाठी कच्चे बटाटे 15 किलो. पुऱ्या मात्र नगावर, माणशी पाच याप्रमाणे 750. जिलेबी 15 किलो, किलोला साधारण पंचवीस बसतील अशी, आणि मठ्ठा 30 लिटर. हा हिशेब पंगतीचा आहे, बुफेचा नव्हे. बुफेत माणूस आधी ताट भरतो आणि मग भूक शोधतो, हे माझे जुने मत मी येथेही सोडणार नाही.

कच्चे वजन की शिजलेले, याइतकीच दुसरी एक ओळ पत्रात हवी: दीडशेमध्ये गुरुजी, मांडववाले आणि वाढपी धरले आहेत की नाहीत. ते वेगळे असतील, तर पंधरा-वीस पाने सहज वाढतात आणि ती शेवटच्या पंगतीला बसतात.

गेल्या महिन्यात त्याच आचाऱ्यांना पुन्हा पत्र पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “साहेब, तांदूळ कच्चे लिहिलेत ते पाहिले,” ते म्हणाले, “आता बटाटे सालीसकट की सोलून, तेवढे सांगा.”