घड्याळ कधी सुरू होतं?

मालवण, दांडीचा किनारा. सकाळचे नऊ. जाळी सुकत घातलीयेत आणि माझा मावसभाऊ होडीला टेकून मोबाईलकडे बघतोय. आदल्या रात्री समुद्रात मासे खेचायला लावलेले एलईडीचे दिवे दिसले, अशा मासेमारीला बंदी असूनही हे चालतंच, म्हणून तो चिडला आणि एका बोटमालकाचा मोबाईल नंबर टाकून एक्सवर पोस्ट केली, 'याला फोन करून विचारा'. रात्री नऊच्या सुमारास अकाउंट लॉक झालं.

लॉक बारा तास असतं असं त्याने कुठेतरी वाचलं होतं, म्हणून तो गप झोपला, सकाळी उघडेल म्हणून. सकाळी बघतो तर तेच पान. मला म्हणाला, "बारा तास झाले, अजून उघडूक नाय!"

उघडणारच नव्हतं. कारण ते बारा तास लॉक झाल्यापासून मोजतच नाहीत, पोस्ट तुम्ही स्वतः डिलीट केलीत की मग मोजायला लागतात. ६ जानेवारी २०२१ ला तेव्हाच्या ट्विटरने ट्रम्प यांचं अकाउंट लॉक केलं तेव्हाही हेच जाहीर सांगितलेलं, तीन ट्विट काढल्यावर पुढे बारा तास, आणि काढली नाहीत तर लॉक तसंच.

ओळखायचं कसं? लॉकच्या पानावर कुठला नियम मोडला ते असतं, पोस्ट काढायचं बटण असतं, पण उलटी गिनती चालू नसते. पोस्ट काढल्यावरच किती वेळ उरलाय ते आकडे दिसायला लागतात. गंमत म्हणजे पोस्ट लोकांना आधीच दिसत नसते, तिच्या जागी सूचना असते, त्यामुळे याला वाटलेलं की ती गेलीच, आता आपण काय काढायचं!

अपील करायचा पर्याय असतो, चूक त्यांची वाटत असेल तर जरूर करा. पण अपीलचा निकाल येईपर्यंत अकाउंट लॉकच राहतं, घड्याळ हलत नाही. इथे नंबर दुसऱ्याचा खासगी होता, परवानगी नव्हती, अपीलात काय सांगणार?

सव्वादहाला त्याने पोस्ट काढली. आकडे धावायला लागले. आता अकाउंट नुसतं वाचायचं, टाइमलाइन दिसते, पण पोस्ट, रिपोस्ट, लाइक काही नाही, आणि मेसेज फक्त आपल्या फॉलोअर्सना जातो. दुपारी लिलावात बांगड्याचा भाव पडला, तो त्याला सगळ्यांना सांगायचा होता, शेवटी चार फॉलोअर्सना एकेकाला मेसेज करून सांगितला. मुदत प्रकारानुसार बारा तासांपासून सात दिवसांपर्यंत जाऊ शकते, याची पहिलीच वेळ होती, बारावर निभावलं.

रात्री सव्वादहा. पोस्टचं बटण परत चालू. त्याने दिव्यांचा फोटो टाकला, वेळ टाकली, कुठून काढला ते लिहिलं. नंबर नाही. खाली जुन्या पोस्टच्या जागी ती सूचना अजून आहे, पोस्ट काढल्यापासून चौदा दिवस राहील.