वहीतली 'बचत' खरी आहे का?

(दृश्य : कोठीतला वजनकाटा, शेजारी उघडी वही)

शाळेच्या कॅन्टीनची ही खर्चवही. महिना नुकताच संपलाय. डावीकडे सुरुवातीला मांडलेला अंदाज : २० दिवस, रोज ४०० ताटं, म्हणजे ८,००० ताटं आणि २,१६,००० खर्च. उजवीकडे प्रत्यक्ष खर्च, २,०४,०००. खाली लाल शाईत लिहिलंय : १२,००० बचत.

(दृश्य : वाढपाच्या खिडकीवरची रोजची नोंद)

ही दुसरी नोंद बघा. महिन्यात वाढली गेली ७,००० ताटं. हजार ताटं कमी झाली म्हटल्यावर खर्च कमी होणारच, त्यात कुणाची हुशारी नाही. तो किती कमी व्हायला हवा होता, हा खरा प्रश्न. त्यासाठी तोच अंदाज ७,००० ताटांवर नव्याने मांडावा लागतो. त्याला म्हणतात लवचिक अंदाजपत्रक.

(दृश्य : कोऱ्या पानावर पट्टीने आखलेले रकाने)

आधी खर्च वेगळे करायचे. पगार ५०,००० आणि देखभाल, किरकोळ मिळून १०,०००. ताटं थोडी कमी-जास्त झाली म्हणून हे ६०,००० हलत नाहीत. शिधा मात्र ताटागणिक लागतो. एका ताटाला कच्चा माल १८० ग्रॅम, किलोचा सरासरी दर १००, म्हणजे ताटामागे १८.

अडतं ते गॅसपाशी. शेगडी पेटली की थोडा गॅस जातोच, मग ताटं कितीही असोत. त्यापुढचा ताटांबरोबर वाढतो. हे दोन भाग सुटे करायला मागच्या वहीतले दोन महिने घेतले. सगळ्यांत जास्त ताटांचा महिना : ९,००० ताटं, गॅस १३,०००. सगळ्यांत कमी ताटांचा : ५,००० ताटं, गॅस ९,०००. फरक ४,००० ताटांचा आणि ४,००० रकमेचा, म्हणजे ताटामागे १. मग कमी ताटांच्या महिन्यातल्या गॅसच्या ९,००० मधून ताटांचे ५,००० वजा केले, उरले ४,०००. हा गॅसचा ठरलेला भाग.

रीत सोपी आहे, पण महिने पारखून घ्यावे लागतात. मधेच गॅसचा दर बदललेला किंवा गळती झालेला महिना धरला, तर उत्तर फसतं. आणि हा हिशेब साधारण ५,००० ते ९,००० ताटांपुरताच. त्यापुढे जादा माणूस, दुसरी शेगडी लागते आणि आज न हलणारे ६०,०००सुद्धा एकदम उडी मारतात.

(दृश्य : रकान्यांत एकेक आकडा भरणारा हात)

आता ७,००० ताटं धरू. शिधा १,२६,०००. गॅस ४,००० अधिक ७,०००, म्हणजे ११,०००. पगार आणि बाकीचे ६०,०००. बेरीज १,९७,०००. खर्च झालाय २,०४,०००. वहीत जिथे १२,००० बचत लिहिली होती, तिथे खरं तर ७,००० जादा गेलेत.

गॅस, पगार, देखभाल जिथल्या तिथे आहेत. सगळा फरक शिध्यात. बिलांवरचा दरही १००च आहे, तेव्हा माल महाग पडला असंही नाही. ७,००० ताटांना १,२६० किलो पुरायला हवा होता. कोठीतून गेला १,३३० किलो. जादा ७० किलो.

(दृश्य : सकाळी कोठीत माल मोजून परातीत काढताना, नंतर वर्गावर्गांतून येणारी हजेरी)

हे ७० किलो कुठे गेले, ते या दोन दृश्यांच्या क्रमात दिसतं. माल आधी तोलला जातो, हजेरी मागून येते. ४०० ताटांचा माल निघाला आणि जेवणारे ३५० असले, तर त्या एका दिवसात ९ किलो जादा शिजतो. असे आठ दिवस गेले की ७२ किलो, आपल्या ७०च्या अगदी जवळ. कोठीच्या चिठ्ठ्या आणि रोजच्या ताटांची नोंद समोरासमोर ठेवली की ते दिवस सापडतात.

म्हणून बोट स्वयंपाकघराकडे दाखवू नये. त्यांच्या हातात ४००चाच आकडा दिला होता. उद्या ९,००० ताटं झाली, तर याच जुन्या अंदाजावर त्यांना उधळे ठरवलं जाईल, आणि तेही तितकंच चूक असेल.

ताटामागे ३० जमा धरली, तर महिनाअखेर १३,००० उरायला हवे होते, उरले ६,०००.

(दृश्य : नवीन पान, तीन उभे रकाने)

पुढच्या महिन्याचा अंदाज एका आकड्यावर नाही. ६,०००, ७,००० आणि ८,००० ताटं, प्रत्येकाचा रकाना वेगळा. यांच्या अधलामधला आकडा आला, तर ताटामागे १९ आणि ठरलेले ६४,००० यांवरून तो लगेच काढता येतो. आणि कोठीची चिठ्ठी आता हजेरीनंतर फाडली जाते.