फोडणी दिली तरी उरतं ते

रात्रीचा भात उरला की पातेलं ओट्यावरच झाकून ठेवायचं आणि सकाळी त्याला कांदा-मिरचीची फोडणी द्यायची. ‘चांगली दणदणीत वाफ काढली, मग काय होणार?’ असं मला दर व्याख्यानानंतर कुणीतरी विचारतंच. म्हणून आज सुरुवातच तिथून करतो.

बॅसिलस सिरियस हा मातीतला जीवाणू. तांदळाबरोबर तो घरी येतो. भात रटरटला की त्याच्या जिवंत पेशी मरतात, बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेलं त्याचं रूप, मात्र टिकतात. बीजाणूच्या आत पाणी अगदी कमी असतं, भोवती जाड कवच असतं, त्यामुळे १०० अंशांची उकळी तो सोसतो. उलट त्या उष्णतेनं त्याची झोपच मोडते. भात कोमट झाला की तो रुजतो. बरोबरीचे बाकीचे जीवाणू उकळीत गेलेले असतात, त्यामुळे आख्खं पातेलं त्याला मोकळं मिळतं.

वाढताना याचे काही वाण भातात सेरुलाइड नावाचं विष सोडतात. सकाळच्या फोडणीत जीवाणू मरतो, विष राहतं. उष्णतेनं अंड्यातलं प्रथिन उलगडून थिजतं ना, तसं उलगडायला इथे काही नाहीच. सेरुलाइड म्हणजे बारा कड्यांचं छोटं, घट्ट वेटोळं. प्रयोगशाळेत १२१ अंशांवर ९० मिनिटं ठेवूनही ते टिकतं. आपल्या कुकरच्या चार शिट्ट्या कुठे पुरणार? पोटातल्या आम्लालाही ते दाद देत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं; क्वचित यकृतावर बेततं.

१९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतल्या फ्राइड राइसनं हेच झालं होतं. भात शिजवून तो बाहेरच ठेवत, कारण फ्रिजमध्ये ठेवला की गोळे होतात आणि परतताना दाणा सुटा होत नाही. आपला फोडणीचा भातही आपल्याला मोकळाच हवा असतो की!

‘वास येत नाही, म्हणजे ठीक ना?’ नाही. सेरुलाइडला वास नाही, चव नाही. भात आंबल्याचा वास येतो तो बऱ्याचदा दुसऱ्याच जीवाणूंचा.

मग करायचं काय? भरलेलं पातेलं तसंच फ्रिजमध्ये सरकवलं तर मधला भात कित्येक तास कोमटच राहतो. जेवणं झाली की उरलेला भात परातीत बोटभर जाडीचा पसरा, पंख्याखाली वाफ जाऊ द्या आणि तासाभरात उथळ डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मी तरी फोडणीला घेत नाही. आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही.