ब्रॉडचं स्वस्त कन्व्हर्जन येतं कुठून?

गूगल अ‍ॅड्सच्या सर्च टर्म्स रिपोर्टमध्ये ‘मॅच टाइप’ नावाचा एक कॉलम असतो. त्यावरून पिव्होट करून ‘एक्झॅक्ट महाग, ब्रॉड स्वस्त’ असा निकाल लावणारे बरेच जण भेटतात. एकेकाळी मीही त्यांतलाच होतो. पण हा कॉलम तुमच्या कीवर्डचा प्रकार सांगत नाही. माणसानं टाइप केलेले शब्द आणि तुमचा कीवर्ड यांचं नातं किती जवळचं, एवढंच तो सांगतो. कीवर्ड ब्रॉड असला आणि कुणी अगदी तेच शब्द टाइप केले, तर त्या ओळीपुढे ‘एक्झॅक्ट’ लिहिलेलं दिसतं. म्हणून तुलना करायची ती कीवर्डच्या मॅच टाइपवरून, आणि सर्च टर्म्स वाचायच्या त्या आत काय चाललंय ते कळण्यासाठी.

एक हिशेब करून बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेत, चलन कोणतंही धरा. हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी आहे, आणि एकच कीवर्ड तीन प्रकारे लावलाय, क्रमानं एक्झॅक्ट, फ्रेज आणि ब्रॉड:

```
[हिशेबाचे सॉफ्टवेअर]
"हिशेबाचे सॉफ्टवेअर"
हिशेबाचे सॉफ्टवेअर
```

एक्झॅक्टवर 30,000 खर्च झाले, 50 फॉर्म आले, म्हणजे फॉर्ममागे 600. फ्रेजवर तेवढ्याच खर्चात 48 फॉर्म, म्हणजे 625. ब्रॉडवर 40,000 गेले पण फॉर्म आले 100, म्हणजे फक्त 400. मीटिंगमध्ये हा तक्ता दाखवला की लगेच कुणीतरी म्हणतं, सगळं बजेट ब्रॉडला द्या.

आता विक्री विभागाकडून एक आकडा मागवा. फोन केल्यावर खरंच गिऱ्हाईक होण्याजोगे किती निघाले? एक्झॅक्टमधले 20, फ्रेजमधले 16 आणि ब्रॉडच्या शंभरातले 15. कामाच्या लीडचा भाव एक्झॅक्टला 1,500 पडला, फ्रेजला 1,875 आणि ब्रॉडला जवळपास 2,670. फ्रेजबद्दल फार बोलत नाही. 2021मध्ये जुना मॉडिफाइड ब्रॉड त्यात विलीन झाला, तेव्हापासून फ्रेज शब्दांच्या क्रमापेक्षा अर्थावर जास्त चालतो. खरी गंमत ब्रॉडच्या पोटात आहे.

त्या 15 लीड उलगडून बघितल्या तर 9 जणांनी कंपनीचंच नाव टाइप केलेलं. त्यांवर खर्च 4,000. ही माणसं तशीही आलीच असती, त्यांचं श्रेय ब्रॉडला कशाला? स्वतःच्या नावाची कॅम्पेन वेगळी काढा आणि इथे ते नाव निगेटिव्हमध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या शब्दांत टाका. मग ब्रॉडकडे उरतात 36,000 आणि 6 लीड. भाव 6,000, एक्झॅक्टच्या चौपट.

इथेच ब्रॉड बंद करायला निघाला असाल, तर थांबा. त्या सहांपैकी चार लीड ‘उधारी कशी नोंदवायची’ अशा धर्तीच्या सर्चमधून आल्यात, खर्च 6,000. म्हणजे भाव बरोबर एक्झॅक्टइतका, 1,500. ‘उधारी’ हा शब्द आपल्या कीवर्डच्या यादीत कुणाला सुचलाच नव्हता. तो उचलून स्वतंत्र फ्रेज कीवर्ड करा. चार लीड म्हणजे पुरावा तोकडा आहे, हे मान्य. पण करून बघायला तेवढा पुरतो.

राहिले 30,000 आणि दोन लीड. त्यातल्या 14,000चे शब्द रिपोर्टमध्ये दिसतात: मोफत, कोर्स, नोकरी. उरलेले 16,000 कोणत्या शब्दांवर गेले ते दिसत नाही, कारण फार थोड्या लोकांनी केलेले सर्च गूगल सप्टेंबर 2020पासून दाखवत नाही. कीवर्डचा एकूण खर्च आणि दिसणाऱ्या ओळींची बेरीज यांतला फरक काढला की हा अंधार किती मोठा ते कळतं. म्हणून निगेटिव्ह लावताना अख्खं वाक्य लावू नका, त्यातला वैरी शब्द लावा. ‘नोकरी’ हा एक शब्द न दिसणारे सर्चही अडवतो. मात्र निगेटिव्ह शब्दाची रूपं स्वतःहून ओळखत नाही. ‘नोकऱ्या’ आणि ‘नोकरीसाठी’ वेगळे टाकावे लागतात. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे मराठीत ही यादी लांबते.

आणि हे शंभर फॉर्म आले तरी कसे? बिडिंगला आपणच सांगितलं होतं की फॉर्म भरला म्हणजे कन्व्हर्जन. ब्रॉडनं सांगितलेलं काम चोख केलं, फॉर्म भरणारी स्वस्त माणसं शोधून आणली. फॉर्मबरोबर जीक्लिड, म्हणजे गूगल प्रत्येक क्लिकला देतं ती खूण, जपून ठेवला आणि विक्रीनं होकार दिलेल्या लीडच परत अपलोड करून त्यांवर बिडिंग लावलं, तर तोच ब्रॉड वेगळी माणसं आणू लागतो. निकाल मात्र लगेच बघू नका. कन्व्हर्जन क्लिकच्या तारखेला नोंदलं जातं; विक्रीला होकार द्यायला तीन आठवडे लागत असतील, तर शेवटचे तीन आठवडे रिपोर्टमध्ये वाईटच दिसणार. ते वगळून तुलना करा.