नव्या शाखेची बातमी जुन्या ग्राहकाला सांगताना

मित्रहो, दुसरी शाखा काढण्याची तयारी महिनोन्‌महिने चालते. जागा, परवाने, फर्निचर, माणसं, सगळं नीट होतं. ग्राहकांना कळवायचा संदेश मात्र उद्घाटनाच्या दोन दिवस आधी रात्री बसून कोणीतरी लिहितं. म्हणून आज त्या एका संदेशाबद्दलच बोलतो. उदाहरणासाठी चष्म्याचं दुकान घेऊ. तिथे ग्राहकाची नोंद असते, ऑर्डर अर्धवट असते, दुरुस्तीला दिलेली फ्रेम असते आणि तपासणीची वेळ दुकानाच्या वेळेपेक्षा वेगळी असते.

बहुतेक संदेशांची सुरुवात अशी असते: ‘आपल्या सर्वांच्या प्रेमामुळे व विश्वासामुळे आम्हाला कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की...’ फोनच्या पडद्यावर संदेश न उघडता जेवढं दिसतं, तेवढी जागा यातच संपते. बातमी खाली राहते. जुन्या ग्राहकाने तो उघडलाच, तर त्याच्या मनात पहिला प्रश्न सवलतीचा नसतो. ‘म्हणजे हे दुकान हलवणार की काय?’ हा असतो. त्याची फ्रेम तुमच्याकडे पडून आहे, आगाऊ रक्कम भरलेली आहे. नवा पत्ता दिसला की त्याला वाटतं, जुना पत्ता गेला.

म्हणून पहिली तीन वाक्यं याच प्रश्नाला द्या. दुकानाचं नाव घ्या आणि लिहा: ‘आमची दुसरी शाखा 1 तारखेपासून सुरू होत आहे. सध्याचं दुकान आहे तिथेच, नेहमीच्या वेळेत सुरू राहील. तुमच्या चष्म्याचा नंबर आणि आधीच्या ऑर्डरची नोंद दोन्हीकडे मिळेल.’ तिसरं वाक्य लिहिण्याआधी ते खरं आहे का, हे मात्र बघा. नोंदी अजून जुन्या दुकानातल्या वहीत असतील, तर नव्या शाखेत आलेल्या माणसाला पुन्हा तपासणीला बसावं लागेल. तसं असेल तर ‘येताना जुना नंबर लिहिलेला कागद आणा’ असं साधेपणाने लिहा. ग्राहक आनंदाने आणतो. तिथे पोचल्यावर कळलं तर मात्र चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त आहे.

आता पत्ता. टपालाचा पत्ता आणि पोचण्याचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाळा क्रमांक आणि इमारतीचं नाव पाकिटावर उपयोगी पडतं. गाडीवर बसलेल्या माणसाला आधी रस्ता लागतो, मग खूण, मग कोणती बाजू, मग मजला. रस्त्याला दुभाजक असेल तर बाजू सांगणं फारच गरजेचं आहे. नाहीतर समोर दुकान दिसत असूनही माणूस पुढच्या चौकातून वळसा घालून येतो. खूण अशी निवडा की ती वर्षभराने जागेवर असेल. जाहिरातीचा फलक किंवा ‘नवीन बांधकामासमोर’ ही खूण नव्हे. पहिल्या मजल्यावर असाल तर जिना कुठून आहे, लिफ्ट आहे का, गाडी कुठे लावायची, हे लिहा. चष्म्याच्या दुकानात वयस्क माणसं येतात, त्यांच्या दृष्टीने ही एक ओळ सवलतीपेक्षा मोठी असते.

नकाशाची लिंक दिलीत तर ती दुकानातल्या नव्हे, बाहेरच्या एखाद्या माणसाच्या फोनवर उघडून त्याला चालत यायला सांगा. नकाशावरची खूण कित्येकदा इमारतीच्या मागच्या गल्लीत पडलेली असते आणि तिथून आत यायला वाट नसते. तो माणूस मागच्या बाजूला जाऊन फोन करू लागला, की समजा खूण सरकवायची आहे.

सवलतीकडे येऊ. ‘आकर्षक सवलती’ या शब्दांतून ग्राहकाला काहीही कळत नाही. समजा, फ्रेमवर 20 टक्के सूट ठेवली. मग काचेवर आहे की नाही, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, फक्त नव्या शाखेत की दोन्हीकडे, हे त्याच वाक्यात यायला हवं: ‘1 ते 15 तारखेपर्यंत नव्या शाखेत फ्रेमवर 20 टक्के सूट, काचांचे दर नेहमीचे.’ एवढ्यावर थांबू नका. जुन्या दुकानाच्या काउंटरवर काय होणार, ते डोळ्यांसमोर आणा. ग्राहक फोन पुढे करतो आणि विचारतो, ‘ही सूट इथे का नाही? मी तर इथलाच जुना.’ दुसरा म्हणतो, ‘मी परवाच ऑर्डर दिली, ती रद्द करून तिकडे देऊ का?’ दोघांचं म्हणणं चुकीचं नाही. उत्तर संदेश जाण्याआधी ठरलेलं आणि काउंटरवरच्या प्रत्येकाला माहीत असलेलं हवं. माझ्या मते जुन्या ग्राहकाला सूट दोन्हीकडे द्यावी. नव्या शाखेची गर्दी वाढवण्यासाठी जुन्याच माणसाला दूर पाठवण्यात काही हशील नाही.

सूट कशी मिळेल, हेही लिहा. नोंदवलेला मोबाइल नंबर सांगितला की झालं, असं ठेवलंत तर संदेश कुणीही कुणाला पुढे पाठवला तरी घोळ होत नाही.

वेळ लिहिताना सर्वांत जास्त गोंधळ होतो. दुकान सकाळी 10 ते रात्री 9 उघडं असतं, पण डोळे तपासणारी व्यक्ती 11 ते 7 असते. नुसतं ‘10 ते 9’ वाचून साडेसातला आलेला माणूस तपासणीविना परत जातो. म्हणून दोन ओळी करा: दुकान 10 ते 9, डोळे तपासणी 11 ते 7, शेवटचा नंबर साडेसहाला. साप्ताहिक सुट्टी लिहा. आणि पहिल्या दिवसाची वेळ वेगळी सांगा, कारण सकाळी उद्घाटनाची गडबड असते. सेवा दुपारी 12 पासून मिळणार असेल तर तसं लिहा, म्हणजे 10 वाजता कोणी दारात ताटकळणार नाही.

पाठवण्याबद्दल दोन गोष्टी. मराठी एसएमएस 70 अक्षरांत बसला तर एकच मोजला जातो. त्यापुढे तो 67-67 च्या तुकड्यांत जातो. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे ‘शाखा’ या शब्दाचीच चार अक्षरं होतात. तेव्हा एसएमएसमध्ये फक्त बातमी, तारीख आणि जुनं दुकान सुरू राहील हे लिहा. बाकीचं व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथे ब्रॉडकास्ट लिस्टने पाठवलंत तर संदेश फक्त त्यांनाच पोचतो, ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे, आणि एका यादीत 256 जणच मावतात. बरेच ग्राहक दुकानाचा नंबर सेव्ह करत नाहीत. म्हणून ब्रॉडकास्टवर सगळी भिस्त ठेवू नका, बिलावर आणि काउंटरवरही तोच मजकूर लावा.

आणि सगळ्यांना एकदम पाठवू नका. आदल्या दिवशी चाळीस-पन्नास जणांना पाठवा आणि कोणते फोन येतात ते लिहून ठेवा. ‘जुनं दुकान बंद झालं का?’ असे दोन-तीन फोन आले तर सुरुवातीची वाक्यं बदला. ‘नेमकं कुठे आलं?’ असं विचारू लागले तर पत्ता बदला. दुरुस्त केलेला मजकूर मग उरलेल्या सगळ्यांना जाऊ द्या.